पत्र्यावरच्या रंगापासून त्वचेच्या रंगापर्यंत: आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, दोन टेबलं आणि रंग मोजणारं एक जुनं मशीन, एवढ्यावर आम्ही दोघा भागीदारांनी धंदा सुरू केला. रंगाच्या कंपन्या, प्लास्टिकचे मास्टरबॅचवाले, डाइजवाले हे आमचे गिऱ्हाईक. त्यांच्या लॅबमधले स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारी मशीनं, दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून सर्टिफिकेट द्यायचं. बरंचसं काम महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातलं असल्यामुळे पुढे गाळाही महाप्याला हलवला. पत्र्यावर मारलेला रंग आणि त्याचा नमुना यांत डोळ्याला न दिसणारा फरकही मशीन आकड्यात सांगतं, आणि त्या आकड्यावरून माल पास होतो किंवा परत येतो. आम्ही त्यातच खूश होतो.

त्वचेच्या कामाकडे आम्ही ओढले गेलो ते एका फोनमुळे. जवळच्याच एका लॅबमध्ये क्रीम, सनस्क्रीन वगैरेंच्या चाचण्या व्हायच्या. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमचं मशीन बिघडलंय. ज्यांना नुसतं साधं क्रीम दिलंय, औषध नसलेलं, ते लोकसुद्धा दुसऱ्या भेटीत उजळ दिसताहेत."

त्या चाचणीत आधी रंगांचा तक्ता वापरत होते, मग मशीन घेतलं. तक्त्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी काचेच्या ३६ रंगीत तुकड्यांची पट्टी केली. तुकडा हाताशी धरायचा आणि जुळणारा नंबर लिहायचा. अडचण अशी की एकच हात एकाला अमुक नंबरचा वाटतो, दुसऱ्याला त्याच्या पुढचा. शेजारी पांढरा ॲप्रन असला की तोच हात आणखी सावळा दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला तुकडा खिडकीपाशी जुळत नाही. शिवाय काच अपारदर्शक असते, त्वचा तशी नसते. १९३९ साली एडवर्ड्स आणि डंटली या संशोधकांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरने जिवंत त्वचेवरून कुठल्या रंगाचा किती प्रकाश परत येतो त्याचे वक्र काढून दाखवले आणि कोणतं रंगद्रव्य कुठला प्रकाश खातं ते मांडलं. १९५० च्या दशकात हातात धरता येणारी यंत्रं आली, तेव्हापासून संशोधकांनी काचेचे तुकडे हळूहळू बाजूला ठेवले. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांचे त्वचेचे सहा प्रकार अजून सर्रास वापरले जातात, पण ते मुळात उन्हात त्वचा भाजते की रापते यावर बेतलेले आहेत. त्यांना रंगाचं माप समजणं मला तरी पटत नाही.

मशीनचं काम तसं सरळ आहे. आतल्या पांढऱ्या गोळ्यात झेनॉनचा झगझगीत फ्लॅश पडतो, प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा होऊन छोट्या गोल खिडकीतून त्वचेवर जातो, आणि परत येणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर १० नॅनोमीटरला मोजला जातो. शुद्ध पांढऱ्या टाइलच्या मानाने किती टक्के परत आला, हा एवढाच मूळ आकडा. त्यावरून स्क्रीनवर L*, a*, b* येतात: L* म्हणजे उजळपणा, a* वाढला की लाली, b* वाढला की पिवळेपणा. यातले L* आणि b* घेऊन आयटीए नावाचा कोन काढतात:

ITA = arctan((L* − 50) / b*) × 180 / π

कोन जेवढा मोठा तेवढी त्वचा उजळ. १० ते २८ अंशांमध्ये त्वचा एका गटात, १० पासून उणे ३० पर्यंत तिच्याहून सावळ्या गटात, अशा रेषा ठरवलेल्या आहेत.

मी लॅबमध्ये गेलो आणि आधी नेहमीचंच केलं. पांढरी टाइल, काळी शून्य-पेटी, मग आमच्याकडची हिरवी चेक टाइल. सगळे आकडे मूळ सर्टिफिकेटला अगदी चिकटून. मशीन ठणठणीत होतं. मग मॅडमना म्हटलं, कागद दाखवा. साधं क्रीम मिळालेल्या एका बाईंच्या दंडाच्या आतल्या बाजूची नोंद काढली. पहिल्या भेटीत L* ५२.५ आणि b* १८.०, म्हणजे आयटीए ७.९. दुसऱ्या भेटीत L* ५४.२ आणि b* १८.२, म्हणजे आयटीए १३.०. दहाची रेषा ओलांडून बाई सरळ पुढच्या गटात गेल्या होत्या, आणि तेही औषध नसलेल्या क्रीमवर.

a* चा रकाना कुणी पाहिलाच नव्हता, कारण आयटीएच्या सूत्रात तो येत नाही. तो १०.८ वरून ८.९ वर आला होता. लाली उतरली होती, आणि आपल्या त्वचेतली लाली म्हणजे रक्त. मग मशीनमधून पूर्ण वक्र काढले. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा प्रकाश खातं, त्यामुळे ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास वक्राला दोन खळगे पडतात. त्वचेला सावळेपणा देणारं मेलॅनिन मात्र निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे खातं, फक्त लालकडे जाताना कमी कमी होत जातं. दुसऱ्या भेटीच्या वक्रात ते दोन खळगे उथळ झाले होते, आणि लालकडची चढण जवळपास जागच्या जागी होती.

हेच आकड्यांत पाहायचं तर लालमध्ये, म्हणजे ६५५ नॅनोमीटरच्या आसपास, जो प्रकाश परत येतो त्यावरून मेलॅनिन इंडेक्स काढतात, कारण तिथे रक्ताची ढवळाढवळ फारच कमी असते. परत येणाऱ्या अंशाच्या व्यस्ताचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा आणि शंभरने गुणायचं. पहिल्या भेटीत लाल ३८ टक्के परत आला होता, म्हणजे इंडेक्स ४२. दुसऱ्या भेटीत ३९ टक्के, म्हणजे ४१. हिरव्यात, ५६८ च्या आसपास, १९ टक्के २१ झाले होते. हिरव्याच्या आकड्यातून लालचा वजा केला की लालीचा इंडेक्स मिळतो. तो ३० वरून २७ झाला होता. मेलॅनिन बहुतेक होतं तेवढंच होतं, कमी झालं होतं ते रक्त. क्रीमने गोरं केलं असतं तर आकडे उलटे हलले असते: मेलॅनिन इंडेक्स खाली गेला असता आणि लालीचा जवळपास तसाच राहिला असता.

रक्त कुठे गेलं ते मोजणी प्रत्यक्ष पाहिल्यावर कळलं. दुसऱ्या भेटीला हाताळणारा मुलगा वेगळा होता, आडदांड, आणि अर्धा किलोचं मशीन दंडावर चांगलं दाबून धरत होता, हलू नये म्हणून. मशीन उचललं की दंडावर फिकट गोल चकती दिसायची, तिच्याभोवती खिडकीच्या कडेचा ठसा, आणि बघता बघता चकती गुलाबी होऊन पुन्हा मूळ रंगावर यायची. दाबल्यामुळे रक्त बाजूला सरकत होतं आणि त्याच क्षणी फ्लॅश पडत होता. त्या पोराची चूक नव्हती. पत्रा मोजताना आम्हीच लोकांना सांगतो की मशीन घट्ट टेकवा, बाहेरचा उजेड आत जाऊ देऊ नका.

आमचा धंदा त्या दिवसापासून बदलला असं म्हणायला हरकत नाही. रबाळ्याच्या एका टर्नरकडून आम्ही रुंद प्लास्टिकची कॉलर करून घेतली, म्हणजे वजन मोठ्या भागावर पसरतं, आणि मशीनचं बरंचसं वजन उलट्या भाराने पेलणारा एक स्टँड बनवला. हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, मशीन नुसतं टेकलेलं, प्रत्येक रीडिंगनंतर पूर्ण उचलायचं आणि थोडं थांबून परत टेकवायचं. अशा तीन रीडिंगची सरासरी. ओळीने घेतलेल्या रीडिंगमध्ये a* खाली घसरत गेला की समजायचं, हात जड पडतोय. ती तिन्ही रद्द. ठाणे-बेलापूर रोडवरून दुपारी आलेला माणूस घामेजलेला आणि लालबुंद असतो, त्याला आधी एसीत पंधरा-वीस मिनिटं बसवायचं. आणि जन्माचा रंग हवा असेल तर दंडाची आतली बाजू घ्यायची. कपाळ किंवा मनगट घेतलं की बाइक चालवणाऱ्याचं ऊनच मोजलं जातं. हा स्टँड आज आमच्या विक्रीचा मोठा भाग आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला वक्र बघत बसल्यामुळे कळली. मशीनला मोठी आणि छोटी अशा दोन खिडक्या असतात, ८ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर. पत्र्यावर दोन्ही जवळपास सारखंच सांगतात. त्वचेवर नाही. प्रकाश त्वचेत शिरतो, आत भटकतो आणि थोडा लांबून बाहेर पडतो. खिडकी लहान असली की तो कडेच्या पलीकडे निघतो आणि मशीनला दिसतच नाही. लाल प्रकाश सगळ्यात लांब भटकत असल्याने तोच जास्त हरवतो, आणि तोच माणूस छोट्या खिडकीत जरा अधिक सावळा निघतो. पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन करून हे भरून येत नाही, कारण टाइलमध्ये प्रकाश असा भटकत नाही. म्हणून चाचणी सुरू झाल्यावर खिडकी बदलायची नाही, आणि दोन वेगळ्या खिडक्यांचे आकडे एका तक्त्यात टाकायचे नाहीत. गालावरचा छोटा डाग मोजायचा असेल तर शेजारची स्वच्छ त्वचाही छोट्याच खिडकीने मोजायची.

आयटीएचाही एक दोष गिऱ्हाइकाला आम्ही आता आधीच सांगतो. त्वचा खूप गडद झाली की b* लहान होतो, आणि सूत्रात तो खाली भागाकारात आहे. L* ३६ आणि b* ८ असेल तर कोन उणे ६० येतो. b* नुसता ७ झाला तर उणे ६३. वरच्या बाईंच्या पहिल्या भेटीत b* एकाने हलला असता तर कोन अर्ध्या अंशानेही हलला नसता. तेव्हा गडद त्वचेवर तीन अंशांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका, L*, a*, b* तिन्ही छापा आणि मेलॅनिन इंडेक्स जोडा.

गेल्या काही वर्षांत नवीन गिऱ्हाईक येतंय ते क्रीमवालं नाही, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बनवणारं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक दाखवतो, हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. पण त्या अभ्यासात रुग्णाच्या वंशाची नोंद होती, त्वचा कुणी मोजली नव्हती. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने ऑक्सिमीटरसाठी जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांच्या मसुद्यात आता आयटीए मोजायला सांगितलं आहे. त्यामुळे आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "बोटावर मोजू का?" आम्ही सांगतो, बोटाचं पेर आणि तळवा इतर त्वचेहून फिकट असतात, नखाखाली रक्त खेळतं, आणि थंड बोटाचा a* पाच मिनिटांत बदलतो. कपाळ आणि दंड दोन्ही घ्या, वक्र जपून ठेवा, आणि मशीन धरणारा माणूस शेवटपर्यंत एकच ठेवा. जमत नसेल तर स्टँड आमच्याकडून भाड्याने मिळतो.