अपघाताचा मासिक तक्ता: एक जखम, दोन हिशोब

आमच्या मरोळच्या प्रेस शॉपमधून दर महिन्याला अपघातांचा तक्ता दोन ठिकाणी जातो. मुख्य कार्यालयाला आयएस ३७८६ या भारतीय मानकाप्रमाणे भरलेला हवा असतो, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे ओशाच्या नियमांप्रमाणे. घटना त्याच, माणसं तीच, तरी दोन्ही कागदांवरचे आकडे वेगळे येतात. ते तसेच यायला हवेत. जुळवायला जाल तर एक तक्ता नक्की खोटा होईल.

प्रत्येक घटनेला मी ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारतो. कुणाला लागलं का? लागलं असेल तर नेमका उपचार काय झाला? माणूस पुढच्या पाळीला स्वतःचं काम करू शकला का? नसेल, तर किती तास? क्रम बदलला की घोळ सुरू होतो, कारण सुपरवायझर फोनवर पहिलं वाक्य हेच बोलतो, “विशेष काही नाही, उद्या येतोय तो.”

ट्रॉलीवरून पस्तीस किलोची डाय घसरली आणि खाली कुणाचा पाय नव्हता, तर तो नियर मिस. पण डाय चुकवताना कुणी मशीनवर आपटला, कोपर खरचटलं आणि त्यावर औषध लावलं, तर तो नियर मिस राहिला नाही, फर्स्ट एड केस झाली. उलट बाजूची गल्लतही नेहमीची: जमिनीवर तेल सांडलेलं दिसलं म्हणून नियर मिसचा फॉर्म भरतात. ती असुरक्षित स्थिती. त्या तेलावरून पाय सटकला आणि माणसाने कठडा धरून स्वतःला सावरलं, तर नियर मिस. नियर मिस अपघाताच्या दराच्या, म्हणजे ठरावीक तासांमागे किती अपघात या हिशोबाच्या अंशात जात नाही, पण म्हणून तो घरातल्या घरात ठेवता येतोच असंही नाही. क्रेनचा भाग तुटून माल खाली आला आणि कुणाला ओरखडाही नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ती धोकादायक घटना आहे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावी लागते.

खरी कसरत फर्स्ट एड आणि रेकॉर्डेबल, म्हणजे ओशाच्या नोंदीत धरावीच लागणारी केस, यांच्या सीमेवर होते. पत्र्याच्या कडेवरच्या धारदार बरने तळहात कापला. जखम धुतली, चिकटपट्टीने कडा जुळवल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हे सगळं ओशाच्या यादीत फर्स्ट एडच आहे. ते कंपाउंडरने केलं की एमबीबीएस डॉक्टरने, याने फरक पडत नाही. एक्स-रे काढला आणि हाड शाबूत निघालं, तरी ती तपासणी, उपचार नव्हे. पण एकच टाका पडला, किंवा टाक्याऐवजी जखम गोंदाने चिकटवली, की केस रेकॉर्डेबल. डोळ्यात गेलेला कण पाण्याने किंवा कापसाच्या बोळ्याने निघाला तर फर्स्ट एड. नेत्रतज्ज्ञाने सुईच्या टोकाने काढला तर रेकॉर्डेबल. ओशाची ही यादी बंद आहे. त्यात नसलेला उपचार “साधाच तर आहे” म्हणून आत घुसवता येत नाही.

आपल्याकडे अडतं ते गोळ्यांवर. नाक्यावरचा डॉक्टर चिमूटभर कापलं तरी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहितो. ओशाच्या हिशोबात चिठ्ठीवरच्या ताकदीचं औषध लिहून दिलं की केस रेकॉर्डेबल झाली. कामगाराने ते विकत घेतलंच नाही तरीही. वेदनाशामकाचंही तसंच. आयबुप्रोफेनच्या एका मात्रेची सीमा ४६७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४०० ची गोळी फर्स्ट एडमध्ये बसते आणि ६०० ची बसत नाही. म्हणून डॉक्टरकडून नुसतं “फिट” लिहिलेला कागद मी घेत नाही. जखमेचं वर्णन, टाके घातले का, औषधांची नावं ताकदीसकट, आणि माणूस स्वतःचं नेहमीचं काम करू शकतो का, एवढं चिठ्ठीवर हवं. औषध बदलून लिहा असं मात्र डॉक्टरला सांगायचं नसतं. आकड्यासाठी उपचार बदलणं हा सरळ गैरप्रकार आहे आणि ऑडिटर चिठ्ठ्या एकत्र लावून बघतो तेव्हा तो दिसतो. हीच तळहाताची केस आयएस ३७८६ च्या तक्त्यात दरापर्यंत पोचतच नाही, कारण तिथे प्रश्न उपचाराचा नाही, बुडालेल्या वेळेचा आहे.

आता शनिवारची केस, कारण सगळ्या व्याख्या तिच्यावर घासून बघता येतात. शनिवारी दुपारी २ वाजता हेल्परच्या पायावर गॅस सिलिंडर कलंडला. हाड मोडलं नाही, पाऊल सुजलं. डॉक्टरने लिहिलं: सोमवार सकाळपर्यंत उभं राहू नये. रविवार सुट्टी. सोमवारी ७ च्या पाळीला माणूस हजर, नेहमीच्या कामावर. मस्टरवर एकही गैरहजेरी नाही, म्हणून खात्याचं म्हणणं: फर्स्ट एड.

तसं नाही. आयएस ३७८६ मध्ये अपघाताच्या दिवसापलीकडे किंवा पाळीपलीकडे माणूस कामाला असमर्थ राहिला की ती लॉस्ट टाइम इंजुरी. दिवस मोजताना अपघाताचा दिवस सोडायचा, परतल्याचा दिवस सोडायचा, मधले सगळे कॅलेंडरचे दिवस धरायचे. रविवार, सुट्टी, बंदचा दिवस, सगळे. म्हणजे इथे एक दिवस बुडाला. ओशातही कॅलेंडरचेच दिवस मोजतात आणि रविवारी तो काम करू शकला नसता हे डॉक्टरने लिहिलेलं आहे, म्हणून तिथेही कामापासून दूर राहिल्याचा एक दिवस, आणि अर्थातच रेकॉर्डेबल. पण कायद्याने कळवायचा अपघात? कारखाना कायद्याच्या कलम ८८ ची अट अपघातानंतर सलग ४८ तास किंवा अधिक काम करता न येण्याची होती, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच राहिली आहे. शनिवार दुपारी २ ते सोमवार सकाळी ७ म्हणजे ४१ तास. त्यामुळे ही केस लॉस्ट टाइम आहे, रेकॉर्डेबल आहे, पण कळवायची नाही. सोमवारी तो दुसऱ्या पाळीला, दुपारी ३ वाजता आला असता आणि डॉक्टरने तोवरची विश्रांती लिहिली असती, तर ४९ तास होऊन तीही अट भरली असती.

याच जागी एक जुनी चलाखी चालते. पायाला पट्टी बांधलेल्या माणसाला रिक्षाने आणायचं, टाइम ऑफिसच्या बाकावर बसवायचं, हजेरी लावायची. ओशात याने फारसं काही साधत नाही. नेहमीच्या कामातली, आठवड्यातून एकदा तरी करावी लागणारी एखादी गोष्ट जखमेमुळे करता येत नसेल तर ते मर्यादित काम, आणि ती केस रेकॉर्डेबलच. आयएसच्या तक्त्यात मात्र अशी केस सहज गळते. माझ्या मते बाकावर बसणं हे काम नव्हे. मी ती लॉस्ट टाइममध्येच धरतो आणि शेऱ्यात कारण लिहितो.

कामावर येताना अंधेरी स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला, तर ईएसआयचा लाभ अटींनुसार मिळू शकतो, पण ती केस ओशाच्या दरात धरत नाहीत. दाव्याचा कागद आणि दराचा कागद वेगळे ठेवायचे.

अंश असा नक्की झाला की छेद उरतो, आणि तिथे चुका जास्त मोठ्या होतात. छेदात प्रत्यक्ष काम झालेले तास हवेत: कामगार, सुपरवायझर, ऑफिसमधले, कंत्राटी, सगळ्यांचे, ओव्हरटाइमसह. पगारपत्रकातले भरपगारी रजेचे तास काढून टाकायचे. ‘माणसं गुणिले आठ गुणिले सव्वीस’ हा शॉर्टकट गणपतीच्या महिन्यात तोंडावर आपटतो, कारण निम्मं शॉप कोकणात असतं आणि कागदावर मात्र पूर्ण भरलेलं दिसतं. पावसात लोकल बंद पडून लोक रात्री कँटीनमध्ये झोपले, तर ते तासही काम नव्हेत. कंत्राटी माणसांची गंमत अशी की आयएस त्यांना आत घेतं. ओशात मात्र रोजची देखरेख आपली असेल तरच ते आपल्या खात्यात येतात. आमच्याकडे देखरेख आमचीच, म्हणून दोन्हीकडे धरतो. जखम मोजायची आणि तास सोडायचे, किंवा उलट, असं कधीच करायचं नाही.

उदाहरणाला वर्षाचे ४,५०,००० तास धरू. लॉस्ट टाइम ३, त्यातली एक शनिवारची आणि दोन ४८ तासांच्या वरच्या. शिवाय एक टाक्यांची आणि एक अँटिबायोटिकची केस, म्हणून रेकॉर्डेबल ५.

```
आयएस, सर्व लॉस्ट टाइम:  ३ × १०,००,००० ÷ ४,५०,००० = ६.६७
आयएस, फक्त कळवायचे:     २ × १०,००,००० ÷ ४,५०,००० = ४.४४
ओशा, लॉस्ट टाइम:        ३ × २,००,००० ÷ ४,५०,००० = १.३३
ओशा, रेकॉर्डेबल:         ५ × २,००,००० ÷ ४,५०,००० = २.२२
```

दोन लाख म्हणजे १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे. ६.६७ आणि १.३३ या एकाच कारखान्याच्या एकाच वर्षाच्या संख्या आहेत, फक्त गुणक पाचपट. मीटिंगमध्ये कुणी “आमचा दर दीड” म्हणालं की आधी गुणक विचारावा. आयएसच्या दोन दरांपैकी दुसरा सरकारी कामापुरता आहे. तुलनेसाठी पहिलाच वापरायचा, असं मानकातच म्हटलं आहे.

महिन्याचा दर लहान कारखान्यात काहीच सांगत नाही. ३७,५०० तासांच्या महिन्यात एक लॉस्ट टाइम पडली की दर २६.६७, पुढच्या महिन्यात शून्य. म्हणून मी मागच्या बारा महिन्यांचे अपघात आणि तास वेगवेगळे बेरजेला घेतो आणि मग भागतो. बारा मासिक दरांची सरासरी काढली तर कमी तासांच्या महिन्याला नको तितकं वजन येतं.

वर्षअखेरीला एक केस हमखास वाद काढते. ३० मार्चला उचलताना कंबर धरली, माणूस काम करत राहिला, आणि ३ एप्रिलपासून डॉक्टरने आठवडाभर विश्रांती लिहिली. आयएस ३७८६ प्रमाणे वेळ जिथून बुडायला लागली त्या काळात ती धरायची, म्हणजे एप्रिलच्या खात्यात, नव्या वर्षात. तो परतून मेमध्ये त्याच दुखण्याने पुन्हा घरी बसला, तर दिवस वाढतात, केस मात्र एकच राहते.