तुम्ही विचारलंत म्हणून: गाळा घेण्याआधी पिशव्या मोजा

‘काका, सोलापुरात नवी पेठेत अगदी रस्त्यावरचा गाळा मिळतोय. मॅचिंग सेंटर टाकायचंय. भाडं जरा जास्त आहे, पण गर्दी बघा की! घेऊ का?’

गर्दी कशासाठी आलीय ते आधी बघा. संध्याकाळी सहा ते आठ समोर उभे राहा आणि माणसं नका मोजू, साडीच्या पिशव्या हातात असलेल्या बायका मोजा. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस त्यांनाच लागतात. मोबाइलच्या दुकानांपुढून दोन तासांत शेकड्यांनी पोरं गेली तरी तुमच्या गल्ल्यात त्यातलं काही पडायचं नाही. एक मधला वार आणि एक रविवार, असं दोनदा मोजा. गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या आठवड्यात मात्र नको. तेव्हा सोलापुरात कुठलाही गाळा सोन्याचा वाटतो.

भाड्याचा हिशेब गिऱ्हाइकांत करा. समजा रस्त्यावरचा गाळा २८,००० रुपयांचा आणि आतल्या गल्लीतला, साडीवाल्यांच्या अन् टेलरांच्या शेजारचा, १२,००० रुपयांचा. सरासरी बिल १५० रुपये धरा, त्यात सुटतात ४५. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं. मग नुसतं भाडं निघायला रस्त्यावर रोज २४ बिलं लागतात, गल्लीत साधारण १०. लाइट, पोरगा, माल हे वेगळंच. म्हणजे रस्त्याने तुम्हाला रोज १४ बिलं जादा दिली पाहिजेत. पिशव्यांच्या मोजणीत ती दिसत असतील तर खुशाल घ्या.

गल्लीतल्या टेलरला सहज विचारा, ‘अस्तर कुठून आणू?’ तो बोट दाखवेल तिथं धंदा आहे. तो स्वतःच अस्तर ठेवत असेल, तर ते शेजारपण फारसं कामाचं नाही. शेजारी दुसरं मॅचिंगचं दुकान असलं तर बिचकू नका; तिथं रंग मिळाला नाही की बाई पुढच्याच पायरीवर चढते.

पार्किंग म्हणजे इथं स्कूटीची जागा. सकाळी अकराला उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर लिहा आणि पाचला परत बघा. त्याच गाड्या असतील तर त्या दुकानवाल्यांच्या आणि त्यांच्या पोरांच्या, गिऱ्हाइकांच्या नव्हेत. तुमच्या गिऱ्हाइकाला तिथं जागा नाही असंच धरा.

आणि ऊन. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गाळ्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर कुणी थांबत नाही, दर्शनी ताग्यांचा रंगही उडतो. पण अगदी अंधारा, खोल गाळाही नको. ट्यूबलाइटखाली जुळलेला राणी रंग बाहेर वेगळा दिसतो, म्हणून बायका पीस घेऊन उंबऱ्यापर्यंत येतातच. तो उंबरा सावलीतला, पण उजेडाचा हवा.