पोटात घातलेल्या चुका

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा केमिकल कारखाना. प्लांट मॅनेजर साहेब मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि कामगारांच्या वतीने तात्या बोलणार होते. तीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर काढलेला माणूस. त्यांनी दोन फुलस्केप कागद माझ्या टेबलावर ठेवले. "पोरी, जर्मन पाहुण्यांना पण कळू दे."

मी डॉक्युमेंटेशनला. काम कसं करायचं ते सांगणाऱ्या एसओपी इंग्रजीत करायची सवय, म्हणून मला वाटलं तासाभराचं काम.

पहिल्या पानावरच अडले. 'आमच्या चुका साहेबांनी नेहमी पोटात घातल्या.' मी आधी सरळ 'ही हिड अवर मिस्टेक्स' लिहिलं. छापायला देणार, तेवढ्यात आठवलं की समोर पहिल्या रांगेत जर्मनीच्या सेफ्टी विभागाच्या बाई असणार. केमिकल प्लांटमध्ये मॅनेजरने चूक लपवली म्हणजे अपघाताची नोंद दडपली. निरोपाच्या भाषणातच चौकशीला आमंत्रण! मग 'फरगेव्ह' केलं. त्यात दडपण्याचा वास नव्हता, पण ते चर्चमधल्यासारखं वाटायला लागलं, आणि साहेबांनी नेमकं काय केलं हेही त्यातून कळेना.

शेवटी शब्दकोश मिटला आणि तात्यांनाच गाठलं. "पोटात घातल्या म्हणजे नक्की काय केलं हो?"

तात्या जरा थांबले. एकदा रात्रपाळीला सॅम्पल घेऊन त्यांनी ड्रेन व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला होता. शंभर-दीडशे लिटर सॉल्व्हेंट गळून टाकीभोवतीच्या बांधात, डाइकमध्ये साचलं. वास आल्यावर कळलं. साहेब रात्री दोनला आले, पहाटेच्या आत रिपोर्ट स्वतः लिहून वर पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सॅम्पल पॉइंटला एंड कॅप नाही, एकाच व्हॉल्व्हवर भिस्त.' आठवड्यात सगळ्या पॉइंटना कॅप बसल्या. तात्यांना मात्र मेमो नाही, चारचौघांत एक शब्द नाही.

म्हणजे चूक कागदावर गेली होती, पोटात गेला होता तो राग. मग इंग्रजीत एकाची दोन वाक्यं केली: 'चूक झाली की ते नोंद करायचे. माणसाला मात्र कधी उघडं पाडलं नाही.' तात्यांचं मराठी वाक्य जसंच्या तसं ठेवलं. ते ऐकणाऱ्या कुणाला शंका येणार नव्हती.

कागदावर दर दोन-तीन वाक्यांनंतर तिरकी रेघ मारली. तिथे तात्या थांबणार, मी इंग्रजी वाचणार. सहा मिनिटांचं भाषण तेरा मिनिटं चाललं आणि प्रत्येक विनोदाला हशा दोनदा झाला.

शेवटी तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्याचं भाषांतर मी केलंच नाही. पाहुण्यांच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं की ही देवाकडे मागणी आहे, तात्या थांबले की सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणा.

"साहेबांच्या गुडघ्यांना बळ दे रे म्हाराजा!"

हॉल गरजला. पाहुण्यांचं 'व्हय म्हाराजा' एक ठोका उशिरा आलं. तोवर ते सवयीने माझ्याकडे बघत होते.