क्लिक कमी आहेत, पण नाव पोहोचलंय का?

«ताई, वेबसाइटवर दिवसाला चार-पाच क्लिक येतात. जाहिरातीवर पैसे तर घातलेत. लोकांना आमचं नाव माहीत झालंय की नाही, हे ओळखायचं कसं?»

क्लिक बाजूला ठेवा आणि तुमचं नाव टाकून किती जणांनी शोधलं ते बघा. नाशिकच्या छोट्या दुकानदारांची जाहिरातीची कामं मी करते, आणि माझी सुरुवात नेहमी इथूनच होते. ज्याला तुमचं नाव ठाऊक झालं, तो गूगलवर नाव टाकतो, पत्ता आणि फोन नंबर तिथेच दिसतो, तो फोन करतो किंवा थेट दुकानात येतो. वेबसाइट उघडायची त्याला गरजच पडत नाही. क्लिक शून्य, पण नाव पोहोचलेलं.

एक उदाहरण घेते. गंगापूर रोडला एक जण लाकडी घाण्याचं तेल काढून विकतात. खरं नाव देत नाही, समजा «गोदाघाणा». आकडेही हिशेब समजावा म्हणून सोपे केलेत. त्यांनी इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूला सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये पोस्टर लावली. लिफ्टमधल्या पोस्टरवर कोण क्लिक करणार? म्हणून महिन्याभरात त्यांचा धीर सुटायला लागला होता.

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट शोधात कधी आणि कशावरून दिसली ते सांगणारं साधन, फुकट आहे आणि त्यात मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब राहतो. परफॉर्मन्सच्या अहवालात क्वेरीचा, म्हणजे लोकांनी शोधात टाकलेल्या शब्दांचा, फिल्टर लावायचा. फक्त नाव टाकून भागत नाही, कारण लोक आपल्या नावाचं स्पेलिंग आपल्याला विचारून करत नाहीत. कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, कुणी रोमन लिपीत, कुणी «घाणा»चं «घाना» करतं. म्हणून तिथे रेजेक्सचा, म्हणजे एकाच साच्यात अनेक स्पेलिंग पकडणारा, पर्याय निवडून असं काहीतरी टाकायचं:

```
godh?a ?gh?ana|गोदा ?घा[णन]ा
```

सोय म्हणून नुसतं `goda` टाकू नका. या दुकानात गोडा मसालाही मिळतो, आणि `goda masala` शोधणारे सगळे तुमच्या नावाखाली मोजले जातील. नाव एखाद्या रोजच्या शब्दासारखं असलं की ही गल्लत हमखास होते. फिल्टर लावल्यावर खालची क्वेरींची यादी एकदा डोळ्यांखालून घालायची. परकं काही शिरलं असेल तर तिथेच दिसतं.

आता क्लिक न बघता इम्प्रेशन बघायची, म्हणजे शोधाच्या निकालात तुमची साइट किती वेळा दिसली. स्वतःच्या नावाच्या शोधात तुमचा सरासरी क्रमांक एकच्या आसपास असेल, तर इम्प्रेशन म्हणजे जवळपास तेवढ्या वेळा नाव शोधलं गेलं असं धरता येतं. क्रमांक पाच-सहाला गेला असेल तर धरता येत नाही, मग आधी त्याचं कारण शोधायचं. आणखी एक मर्यादा आहे. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी दाखवत नाही, आणि क्वेरीचा फिल्टर लावला की ते बेरजेतूनही गळतात. त्यामुळे दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. त्याची तुलना दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी करायची नाही, फक्त आपल्याच मागच्या आकड्याशी करायची.

पोस्टर लागण्याआधीच्या चार आठवड्यांत नावाची इम्प्रेशन होती 40. नंतरच्या चार आठवड्यांत झाली 75. ही वाढ खरी की योगायोग? लहान आकडे आपोआप हलतात, आणि किती हलतात याचा एक ढोबळ अंदाज आहे: आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. 40 चं वर्गमूळ साधारण 6, दुप्पट 12. म्हणजे 40 चे 50 झाले असते तर मी गप्प बसले असते. 75 कडे मात्र लक्ष द्यावंच लागतं. प्रत्यक्षात आकडा याहूनही थोडा जास्त हलू शकतो, कारण एकच माणूस दोन-तीनदा शोधतो. मालक, कामगार आणि भाचा रोज आपलंच नाव गूगल करून बघत असतील तर तोही आकडा यातच मिसळतो. त्यांना मी आधीच हात जोडून सांगितलं होतं की महिनाभर हे बंद ठेवा.

दुसरी शंका हंगामाची. दिवाळीच्या फराळाआधी तेल सगळेच शोधतात. त्यासाठी त्याच अहवालात नाव नसलेले शोध बघायचे, «लाकडी घाणा तेल नाशिक» वगैरे. तेही दुपटीला गेले असते तर श्रेय दिवाळीला द्यावं लागलं असतं. ते थोडेसेच वाढले होते, नावाचे शोध जवळपास दुप्पट झाले होते. इथे मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी घडतंय.

डायरेक्ट भेटींवर माझा भरवसा कमी आहे. साइटवर कोण कुठून आलं याचा हिशेब ठेवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये «डायरेक्ट» लिहिलेलं असतं म्हणजे माणसाने पत्ता टाइप करून साइट उघडली, असं अनेक जण समजतात. प्रत्यक्षात कुठून आला ते कळलं नाही, की त्याला डायरेक्टमध्ये टाकतात. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली लिंक, पीडीएफमधली लिंक, बाटलीवरचा क्यूआर कोड, सगळं तिथेच जमा होतं. या दुकानाच्या डायरेक्ट भेटी एका आठवड्यात एकदम वर गेल्या आणि मालक खूश झाले. लँडिंग पेज लावून बघितलं तर बहुतेक जण शेंगदाणा तेलाच्या पानावर उतरलेले, ज्याचा पत्ता ओळभर लांब आहे. इतका लांब पत्ता कुणी हाताने टाइप करत नाही. त्यांनीच जुन्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर ती लिंक टाकली होती. ते लोक नाव आधीपासूनच ओळखत होते.

म्हणून आपण स्वतः पाठवतो त्या प्रत्येक लिंकला आणि क्यूआर कोडला शेपूट जोडायचं, म्हणजे त्या भेटी डायरेक्टमधून बाहेर पडतात:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=message&utm_campaign=diwali
```

दुकानातल्या कॉम्प्युटरच्या भेटी वगळायच्या. मग उरलेल्यांतले फक्त मुख्य पानावर उतरलेले आणि नवे असलेले लोक मोजायचे. या गाळणीतून आठवड्याला जेमतेम पाच-सात माणसं उरली. त्यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही, फक्त ती नावाच्या शोधाच्या उलट दिशेला जात नाहीत ना, एवढं बघते. तिथला शहराचा रकानाही जपून वाचा. मोबाइल नेटवर्कवरचा नाशिकचा माणूस बऱ्याचदा मुंबईत किंवा पुण्यात बसलेला दिसतो.

नेमकी इथेच अडचण येते. सर्च कन्सोल देशापर्यंतच सांगतं, ॲनालिटिक्सचं शहर भरवशाचं नाही, आणि आम्हाला कळायला हवं होतं इंदिरानगर. ते माणसांना विचारूनच कळतं.

पोस्टर लागायच्या आधीच मी इंदिरानगरात शंभर आणि पंचवटीत शंभर जणांना विचारून घेतलं होतं. पंचवटीत पोस्टर लावायचीच नव्हती, ती तुलनेसाठी. दुकानाच्या दारात विचारलं नाही, त्यांच्या इन्स्टाग्रामवर तर नाहीच, कारण तिथे भेटतात ते आधीच ओळखीचे. जॉगिंग ट्रॅकही टाळला, कारण सकाळी चालायला येणारे लोक तेलाबद्दल आधीच जास्त जागरूक असतात. भाजी बाजाराबाहेर, संध्याकाळी, दोन्हीकडे एकाच वेळेला विचारलं. विचारणाऱ्या मुलींच्या अंगावर किंवा हातात दुकानाचं नाव कुठेही नव्हतं.

प्रश्न तीनच. घरातलं तेल कोण आणतं? ज्या घरी दुसरं कुणी आणतं त्यांना धन्यवाद म्हणून सोडायचं. दुसरा, «लाकडी घाण्याचं तेल म्हटलं की कोणकोणती नावं आठवतात?» नावं सुचवायची नाहीत, थोडं थांबायचं, ते म्हणतील तसं आणि त्याच क्रमाने लिहायचं. त्यानंतरच तिसरा: पाच नावं वाचून दाखवायची आणि यातलं कुठलं ऐकलंय ते विचारायचं. हा क्रम उलटा झाला की सर्व्हे वाया गेला, कारण नाव आपणच त्यांच्या कानात घातलेलं असतं.

त्या पाचांत एक नाव मी बनवलेलं होतं, तसं दुकान अस्तित्वातच नाही. तरी शंभरातल्या नऊ जणांनी «हो, ऐकलंय» म्हटलं. लोक खोटारडे नसतात. समोरच्या मुलीचं मन मोडू नये म्हणून मान डोलावतात. पण त्यामुळे तिसऱ्या प्रश्नातल्या प्रत्येक आकड्यात साधारण एवढा भिडेचा भाग आहे हे कळतं. म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाला जास्त मानते. न सुचवता आठवलेलं नाव भिडेपोटी येत नाही.

सहा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा विचारलं. न सुचवता नाव घेणारे इंदिरानगरात शंभरात 8 होते, ते 19 झाले. पंचवटीत 7 होते, ते 9 झाले. मालकांनी लगेच «दुपटीच्या वर!» म्हटलं. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की शंभर-शंभर माणसांच्या दोन फेऱ्यांत नुसत्या योगायोगाने नऊ-एक टक्क्यांचा फरक पडू शकतो. इंदिरानगरचा 11 चा फरक त्याच्या जरासाच पुढे आहे. त्यातून पंचवटीतली 2 ची वाढ वजा केली तर उरतात 9, आणि चार फेऱ्यांचे आकडे एकत्र वापरल्यावर योगायोगाची मर्यादा बारापर्यंत जाते. म्हणजे एकट्या सर्व्हेच्या जोरावर पोस्टर चाललं असं ठामपणे म्हणता येत नाही. ठाम म्हणायचं तर दर ठिकाणी, दर फेरीला जवळपास दोनशे माणसं लागली असती.

तरी मी त्यांना पोस्टर काढू नका म्हटलं. नावाचे शोध नेहमीच्या चढउतारापलीकडे वाढले होते, हंगामाने त्याचा उलगडा होत नव्हता, आणि नाव आठवणारे वाढले ते पोस्टर होती त्याच भागात. या दोन खुणा एकमेकींवर अवलंबून नाहीत. एक गूगलच्या नोंदीतून येते, दुसरी बाजारात उभं राहून विचारल्यावर, आणि दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतायत. शोध वाढले असते पण इंदिरानगर आणि पंचवटी सारखेच वाढले असते, तर मी श्रेय पोस्टरला न देता दुसरं कारण शोधलं असतं.

त्यांना आता पंचवटीतही पोस्टर लावायची घाई झाली आहे. मी दोन महिने थांबायला सांगितलंय. तोवर दोन्हीकडे अडीचशे-अडीचशे जणांची आणखी एक फेरी घेणार आहोत, आणि ती होईपर्यंत पंचवटीच्या लिफ्ट कोऱ्याच राहायला हव्यात.