रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडताना अडलेलं घोडं : माझा अनुभव

बचत खातं यूपीआयला जोडायला मला फार वेळ लागला नव्हता. ॲपने सिममधून एक एसएमएस पाठवला, मी बँक निवडली आणि खातं समोर आलं. डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष घातलं, ओटीपी आला, पिन ठरवला. क्रेडिट कार्डही असंच जोडता येईल, असं डिचोलीच्या शाखेतच मला सांगितलं होतं. पायऱ्या खरंच त्याच आहेत, पण त्यामागची नोंद वेगळी आहे आणि हे मला कोणीच सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी एक गोष्ट. यूपीआयला फक्त रुपेचं क्रेडिट कार्ड जोडता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२२च्या जूनमध्ये परवानगी दिली ती रुपेपासूनच. कार्डवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड लिहिलेलं असेल तर ते काही ॲपमध्ये साठवता येतं, पण त्याने दुकानातला यूपीआय क्यूआर स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. माझं रुपेच होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

ॲपमध्ये ‘क्रेडिट कार्ड जोडा’ दाबलं, बँक निवडली, तर उत्तर आलं की या मोबाईल नंबरवर कार्ड सापडलं नाही. बँक तीच, नंबरही तोच आणि बचत खातं त्याच नंबरवर रोज चालतंय! शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, “मॅडम, तुमचा नंबर अपडेटच आहे. ॲपचा प्रॉब्लेम असेल.” ॲपवाले म्हणाले बँकेला विचारा. पुन्हा रांग, पुन्हा तेच उत्तर. सुट्टी टाकून गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी कार्डच्या मागे छापलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन केला, तेव्हा उलगडा झाला. शाखेतल्या बाई बघत होत्या ती माझ्या बचत खात्याची नोंद. मी मागे सिम बदललं तेव्हा शाखेत फॉर्म भरला होता आणि नवा नंबर खात्याला लागलाही होता. कार्ड विभागाची नोंद मात्र स्वतंत्र, तिथे जुनाच नंबर राहिला होता. ॲप कार्ड शोधतं ते फोनमधल्या सिमच्या नंबरावरून आणि तो नंबर कार्डाच्या नोंदीतल्या नंबराशी जुळला तरच. खात्याचा नंबर बरोबर असून काही उपयोग नाही. बिल मला ईमेलवर येत होतं आणि दुकानात मशीनवर कार्ड पिनने चालत होतं, त्यामुळे हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. फॉर्म घेतानाच “कार्डचा नंबरही बदलायचा का?” एवढं विचारलं असतं तर ही सगळी वणवण वाचली असती.

तुमचंही असंच आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. कार्डने एखादी छोटी ऑनलाईन खरेदी करायला घ्या. ओटीपीच्या पानावर नंबराचे शेवटचे आकडे दिसतात, ते तुमच्या आताच्या सिमचे नसतील तर दोष ॲपचा नाही. शाखेत जाल तेव्हा “क्रेडिट कार्डच्या नोंदीतला मोबाईल नंबर बदला” असं स्पष्ट सांगा आणि अर्जाची पोच घ्या. माझी नोंद बदलल्यावर ॲपमध्ये पुन्हा शोधलं तर कार्ड लगेच दिसलं. पिन ठरवताना क्रेडिट कार्डचेच शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. बचत खात्याचा यूपीआय पिन इथे चालत नाही, कार्डासाठी वेगळा ठरवावा लागतो.

आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं सांगते. औषधाच्या दुकानात क्यूआर स्कॅन करून खाली खातं बदलून कार्ड निवडलं, ₹६४० गेले. मासळीवाल्या बायकडे इसवण घेतलं, तिथे मात्र कार्ड फिकट दिसत होतं, निवडताच येईना. कारण तिचा क्यूआर दुकानाचा नव्हता, तिच्या स्वतःच्या खात्याचा होता. बचत खात्यातून यूपीआयने कोणालाही पैसे पाठवता येतात. क्रेडिट कार्डने फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्याला देता येतात, मैत्रिणीला किंवा घरमालकाच्या खात्यावर नाही. मी बचत खातं निवडून तिचे पैसे दिले.

हे राहिलंच होतं: फोनमध्ये दोन सिम असतील तर ॲप सुरू करताना कार्डाला लागलेलं सिमच निवडा. आणि औषधाचे ते ₹६४० खात्यातून गेले नाहीत, ते महिन्याच्या बिलात आले. ते मी तारखेच्या आत पूर्ण भरते, कारण बिल थकलं की यूपीआयने दिलेल्या पैशांवरही कार्डाचंच व्याज लागतं.