पाल चुकचुकल्यासारखा आवाज

मी फ्रीज दुरुस्त करतो. मुंबईहून एका काकूंच्या मुलाचा फोन आला, "गावच्या फ्रीजमधला गॅस संपलाय, भरून द्या." घर धोपाव्याच्या पुढे, मी दाभोळच्या बाजूचा. म्हणजे फेरीबोट धरून वाशिष्ठी ओलांडायची. एक पार्ट विसरला तर दिवस गेला. गॅसचं सगळं सामान गाडीला बांधलं होतं. निघताना मॉडेल विचारायला थेट काकूंना फोन लावला.

काकू म्हणाल्या, "आत दिवा लागतो रे, पण मागून पाल चुकचुकते तसं टक् वाजतं. मग गप्प."

मी सामान उतरवलं. गॅस संपलेला फ्रीज गप्प बसत नाही. त्याचा कॉम्प्रेसर चालूच राहतो, फक्त गारवा येत नाही.

काकूंना सांगितलं, फ्रीज दहा मिनिटं बंद ठेवा, कारण लाइट जाऊन लगेच आली तर चांगला कॉम्प्रेसरही असाच अडखळतो. मग चालू करून फोन मागच्या बाजूला खाली धरा आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करा. लोक दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवतात, त्यात नेमकी शांतता असते. काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं होतं: आठ-दहा सेकंद घूं, मग टक्, तीनेक मिनिटं काही नाही, पुन्हा घूं. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, तापतो आणि ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा पार्ट, त्याला बंद करतो.

असं कमी व्होल्टेजनेही होतं. म्हणून स्टॅबिलायझरच्या आकड्याचा फोटो दोनदा मागवला, दुपारी आणि रात्री आठला, कारण आमच्याकडे व्होल्टेज रात्री पडतं. दोन्ही वेळा आकडा 220 च्या आसपास. मॉडेलच्या स्टिकरचा पहिला फोटो फ्लॅशने पांढरा फटक आला. फ्लॅश बंद करून तिरका काढायला सांगितल्यावर अक्षर न् अक्षर दिसलं.

कॉम्प्रेसर जाम असला तरी हाच आवाज येतो, हे काकूंना आधीच सांगितलं. मॉडेलप्रमाणे रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा पार्ट, आणि ओव्हरलोड घेऊन सकाळच्या बोटीने गेलो. प्लग काढला, रिले उपसून कानाशी हलवला, आत तुकडे खुळखुळले. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या होत्या. मीटर लावून कॉम्प्रेसरची वाइंडिंग तपासली, ठीक होती. पिना घासल्या, नवीन रिले आणि ओव्हरलोड बसवला. एका दमात सुरू.

चहा देताना काकू म्हणाल्या, "गेल्या महिन्यात एकजण येऊन गॅस भरून गेला. त्यालाही मी पालीचं सांगितलं होतं."

त्याने ऐकलं नाही, पैसे मात्र घेतले. याचा राग येतो. पण मॉडेल माहीत असतं तर मीही काकूंना फोन केला नसता.