आमची वाटचाल: सातबाऱ्यापासून कादंबरीपर्यंत

आमच्या अनुवादसंस्थेने सुरुवात केली ती सातबारे, खरेदीखतं आणि जन्मदाखल्यांच्या इंग्रजी अनुवादाने. तिथे दर पानामागे ठरायचा आणि कुणी त्यावर घासाघीसही फारशी करायचं नाही. पुस्तकांकडे वळल्यावर प्रकाशक शब्दामागे दर विचारू लागले. पण शब्द मोजायचे ते मराठीचे की इंग्रजीचे, हा विषय मात्र कुणी आपणहून काढत नसे.

फरक लहान नाही. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण नामाला जोडून लिहितो, इंग्रजीत ती सुटी होतात. त्यामुळे अनुवादात शब्द वाढतातच, आणि किती वाढतात ते प्रत्येक लेखकागणिक वेगळं.

एका ग्रामीण कादंबरीच्या अनुवादासाठी प्रकाशकाकडे अर्ज केला तेव्हा आधी लेखकाचं संमतिपत्र घेतलं. अनुवादाचा हक्क लेखकाकडेच आहे की मूळ प्रकाशकाला दिलाय, हे जुना करार काढून पाहिलं. हक्काचा पत्ता नसलेला अनुवादाचा नमुना संपादक कशाला वाचेल? (लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांना विचारावंच लागतं.)

नमुन्याला फक्त पहिलं प्रकरण दिलं नाही. ते सगळेच घासूनपुसून देतात. थोडं निवेदन, थोडे संवाद आणि बांधावरचं एक कडाक्याचं भांडण, असे तीन उतारे मूळ पानांसह जोडले. बोलीत अनुवादक काय करतो, हे संपादकाला त्या भांडणातच कळतं. दहाएक पानं आम्ही विनामूल्य देतो. त्यापुढे हवी असतील तर पैसे लागतील, हे पत्रातच लिहितो.

या नमुन्यावरच दरही ठरला. 1,500 मराठी शब्दांचे 2,000 इंग्रजी शब्द झाले होते. कादंबरी साधारण 60,000 शब्दांची, म्हणजे इंग्रजीत 80,000. प्रकाशक इंग्रजी शब्दाला दीड रुपया म्हणत होते, आम्ही मराठी शब्दाला दोन रुपये मागत होतो. वरवर पाहता अर्ध्या रुपयाचं अंतर, पण दोन्हीकडून रक्कम 1,20,000च येते! हे आकडे समोर ठेवल्यावर वाद उरला नाही. आम्ही मूळ शब्दांवर अडून राहिलो, कारण ती संख्या सही करायच्या आधीच कळते आणि अनुवादकाला वाक्यं फुगवायचा मोह होत नाही.

मराठी शब्दांमागे इंग्रजी शब्द किती, हेच गुणोत्तर आम्ही पुढे काम तपासायलाही वापरतो. एखाद्या प्रकरणात ते एकदम खाली आलं तर वाक्यं गळली आहेत का ते पाहायचं. फार वर गेलं तर अनुवादक मजकुरातच स्पष्टीकरणं घालू लागलेला असतो.

पैसे तीन हप्त्यांत ठरले: करारावर, पहिल्या खर्ड्यावर आणि संपादकाच्या दुरुस्त्या झाल्यावर. रॉयल्टीचा मुद्दा आम्ही दुसऱ्या आवृत्तीपुरता मान्य करून घेतला. मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव मात्र पहिल्या आवृत्तीपासूनच.